स्क्रीनवरचा भाव कोणाचा?

"मोबाईलवर साठ रुपये दिसत होते. मी हजार शेअर घ्यायचं बटण दाबलं आणि साठ चोपन्नला मिळाले. मधले चोपन्न पैसे कोणी खाल्ले?"

खोपोली-कर्जतकडे शेअर बाजाराविषयी बोलणं निघालं की हा प्रश्न हमखास येतो. त्यामागून आणखी दोन येतात. हातात नसलेला शेअर विकता कसा येतो? आणि निम्मेच पैसे भरून पुरे शेअर घेता येतात म्हणतात, ते कसं? तिन्ही प्रश्न वेगळे वाटतात. पण पहिल्याचं उत्तर नीट समजलं की उरलेल्या दोन व्यवहारांत माणूस नेमका कुठे सापडतो तेही समजतं. म्हणून पहिल्या प्रश्नाला या प्रकरणात जास्त जागा दिली आहे.

१. भाव म्हणजे मागे पडलेला सौदा

खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला इमॅजिका हे मनोरंजन उद्यान २०१३ मध्ये सुरू झालं. ते चालवणाऱ्या कंपनीने मार्च २०१५ मध्ये लोकांकडून भांडवल मागितलं. आधी २२१ ते २३० रुपयांचा पट्टा ठेवला होता. त्या भावाला पुरेशी मागणी येईना, तेव्हा पट्टा १८० ते २१५ वर आणला, मुदत वाढवली आणि शेवटी १८० रुपयांना शेअर दिले. किरकोळ गुंतवणूकदारांना त्यातही बारा रुपयांची सूट मिळाली. आपल्या तालुक्यातली कंपनी म्हणून ज्यांनी अर्ज भरले त्यांना ही घडामोड आठवत असेल.

कंपनीने २३० म्हटलं म्हणून भाव २३० झाला नाही. घेणाऱ्यांनी आपापल्या अर्जात "याच्यावर देणार नाही" असा आकडा लिहिला आणि त्या आकड्यांपुढे कंपनीला खाली यावं लागलं. शेअर एकदा बाजारात आला की हेच दर सेकंदाला चालतं. फरक इतकाच की तिथे विकणारी एकटी कंपनी नसते, हजारो लोक असतात.

स्क्रीनवर ठळक अक्षरांत जो भाव दिसतो तो नुकत्याच झालेल्या सौद्याचा असतो. कोणीतरी कोणाकडून तरी त्या भावाने घेतलं, एवढंच तो सांगतो. पुढचा शेअर त्याच भावाला द्यायला कोणी बांधील नसतं. तुम्हाला काय मिळणार ते त्या आकड्याच्या खाली, बहुतेक लोक उघडूनही पाहत नाहीत अशा तक्त्यात असतं. बाजारातले लोक त्याला मार्केट डेप्थ म्हणतात.

एका लहानशा कंपनीचा तक्ता घेऊ. कंपनी आणि आकडे दोन्ही समजावण्यापुरते रचलेले आहेत. शेवटचा सौदा ६० रुपयांना झाला आहे.

घ्यायला उभे असलेले:
५९.९० ला ४०० शेअर
५९.८० ला ६५० शेअर
५९.५० ला १,२०० शेअर

विकायला उभे असलेले:
६०.१० ला १५० शेअर
६०.२५ ला ३०० शेअर
६०.६० ला ३५० शेअर
६१.२० ला ५०० शेअर

साठला घेणारा कोणी नाही आणि साठला विकणाराही कोणी नाही. साठचा सौदा होऊन गेला, ती माणसं निघून गेली. आता जो येईल त्याला या दोन रांगांपैकी एकीशी व्यवहार करायचा आहे.

२. मार्केट ऑर्डर: मिळेल त्या भावाला, पण आत्ता

हजार शेअरची मार्केट ऑर्डर टाकली की एक्स्चेंजचा संगणक विकणाऱ्यांची रांग स्वस्ताकडून महागाकडे खात जातो. पहिले १५० शेअर ६०.१० ला, पुढचे ३०० शेअर ६०.२५ ला, मग ३५० शेअर ६०.६० ला. आठशे झाले. उरलेले दोनशे ६१.२० ला. एकूण ६०,५४० रुपये, म्हणजे सरासरी ६० रुपये ५४ पैसे. चोपन्न पैसे दलालाने खाल्ले नाहीत की एक्स्चेंजनेही नाहीत. रांगेत मागे, जास्त भाव लावून उभ्या असलेल्या विकणाऱ्यांना ते मिळाले, कारण तुम्हाला एकाच वेळी हजार हवे होते आणि पुढच्या विकणाऱ्याकडे दीडशेच होते.

आता हेच हजार शेअर त्याच मिनिटाला मार्केट ऑर्डरने विका. चारशे ५९.९० ला जातील, सहाशे ५९.८० ला. हातात येतील ५९,८४० रुपये. कंपनीचं काही बिघडलं नाही, बाजार हलला नाही, तरी सातशे रुपये गेले. दलाली आणि कर अजून धरलेलेच नाहीत.

या फरकाला इम्पॅक्ट कॉस्ट म्हणतात. सर्वात चढा घेणारा आणि सर्वात स्वस्त विकणारा यांच्या बरोबर मधला भाव, इथे ६०, हा आदर्श धरायचा आणि खरी सरासरी त्यापासून किती टक्के लांब गेली ते मोजायचं. आपल्या खरेदीत ती साधारण ०.९ टक्का आली. रोज कोट्यवधींची उलाढाल असलेल्या मोठ्या कंपनीत साठ हजारांच्या ऑर्डरने हा आकडा नगण्य राहतो, कारण तिथे पहिल्याच पायरीवर हजारो शेअर उभे असतात. म्हणून "मार्केट ऑर्डर वाईट" असं सरसकट म्हणण्यात अर्थ नाही. मोठ्या शेअरमध्ये थोड्या नगांसाठी ती सोयीची आहे. लहान शेअरमध्ये ती कोऱ्या धनादेशासारखी आहे.

धनादेश किती कोरा असू शकतो ते ५ ऑक्टोबर २०१२ च्या सकाळी दिसलं. एमके ग्लोबल या दलालपेढीतून एका संस्थात्मक ग्राहकासाठी ऑर्डरी टाकताना चूक झाली आणि ६५० कोटींहून जास्त रकमेच्या विक्रीच्या ५९ ऑर्डरी राष्ट्रीय शेअर बाजारात एकदम घुसल्या. देशातल्या सर्वात मोठ्या पन्नास कंपन्यांचे शेअर, ज्यांच्या रांगा नेहमी भरगच्च असतात. पण विक्रीचा लोंढा एवढा होता की घेणाऱ्यांच्या पायऱ्या एकामागून एक रिकाम्या झाल्या आणि काही क्षणांत निफ्टी पंधरा टक्क्यांहून जास्त खाली आला. साधारण पंधरा मिनिटं रोखीचे व्यवहार थांबले. पुन्हा सुरू झाल्यावर भाव बऱ्यापैकी जागेवर आले, कारण कुठल्याच कंपनीला काही झालं नव्हतं. मात्र झालेले सौदे झालेलेच राहिले. तळाच्या भावाला ज्यांच्या खरेदीच्या ऑर्डरी आधीपासून उभ्या होत्या, त्यांना चांगले शेअर मातीमोल मिळाले.

त्या उभ्या ऑर्डरी लिमिट ऑर्डरी होत्या.

३. लिमिट ऑर्डर: भाव माझा, वेळ बाजाराची

लिमिट ऑर्डरीत तुम्ही सीमा सांगता. घेताना "याच्यावर नाही", विकताना "याच्याखाली नाही". इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. लोकांना वाटतं, ६१ ची लिमिट लावली तर ६१ द्यावेच लागतील. तसं नाही. वरच्या तक्त्यात हजार शेअरसाठी ६०.२५ ची लिमिट लावली तर पहिले दीडशे ६०.१० लाच मिळतील. रांगेत स्वस्त विकणारा असेल तर त्याचा फायदा तुमचाच.

पण पुढे काय होतं? दीडशे आणि तीनशे, असे साडेचारशे मिळून ६०.२५ पर्यंतची रांग संपते. उरलेल्या साडेपाचशेसाठी तुमची ऑर्डर बाजू बदलते आणि घेणाऱ्यांच्या रांगेत ६०.२५ ला सर्वात पुढे जाऊन उभी राहते. कोणी विकायला आला तर मिळतील, नाही आला तर साडेतीनला बाजार बंद होताना ती आपोआप रद्द होईल. तुमच्या खात्यात साडेचारशेच शेअर राहतील. "हजार मागितले, साडेचारशेच का?" या तक्रारीचं मूळ इथे असतं.

दुसरी तक्रार याहून जास्त ऐकू येते: "मी ५९.९० ला लावलं होतं, भाव ५९.९० ला येऊन गेला, तरी मला मिळाले नाहीत." तक्ता पुन्हा पाहा. ५९.९० ला आधीच चारशे शेअरची मागणी उभी आहे. आपल्या बाजारांत नियम असा की चांगल्या भावाची ऑर्डर आधी आणि भाव सारखा असेल तर आधी आलेली ऑर्डर आधी. कोणीतरी येऊन तीनशे शेअर ५९.९० ला विकले तर स्क्रीनवर ५९.९० झळकेल, पण तुमच्यापुढच्या चारशेतलेही शंभर उरलेले असतील. तुमचा नंबर आलाच नाही. याच कारणाने उभी ऑर्डर सारखी बदलू नये. भाव बदलला किंवा नग वाढवले की आधीचा नंबर जातो आणि रांगेच्या शेपटाला जावं लागतं. नग कमी केले तर जागा टिकते.

लिमिटचा खरा तोटा मात्र रांगेत नाही, आणि त्याविषयी कमी बोललं जातं. खरेदीची उभी लिमिट ऑर्डर कधी लागते? विकणारे जोरात असतात तेव्हा. कंपनीविषयी वाईट बातमी आली की तुमची ५९.९० ची ऑर्डर तत्काळ पूर्ण होते आणि पाच मिनिटांत भाव ५७ होतो. चांगली बातमी आली तर भाव वर निघून जातो आणि तुम्ही बघत बसता. तरीही पातळ रांगेच्या शेअरसाठी माझं मत लिमिटच्याच बाजूचं आहे, कारण हा तोटा मोजून घेतलेला असतो. ज्याला आत्ताच हवेत त्याने विकणाऱ्याच्या भावाहून थोडी वरची लिमिट लावावी. आपल्या उदाहरणात ६०.६० लावली असती तर आठशे शेअर लगेच मिळाले असते आणि ६१.२० ची पायरी टळली असती.

कारखान्यात पाळी करणारे बरेच जण रात्री घरी येऊन दुसऱ्या दिवसासाठी ऑर्डर टाकून ठेवतात. ती मार्केट ऑर्डर असेल तर सकाळी नऊला सुरू होणाऱ्या प्री-ओपन सत्रात जाते आणि तिथे ठरेल त्या भावाला पूर्ण होते. रात्रीत कंपनीची बातमी आली असेल तर तो भाव तुम्ही झोपताना पाहिलेल्या भावाच्या जवळपासही नसेल. रात्रीच्या ऑर्डरीला लिमिट हवीच.

स्टॉप-लॉसविषयी थोडक्यात. "५७ झाला की विकून टाक" अशी ही झोपलेली ऑर्डर असते. ५७ ला ती जागी होते, पण जागी झाल्यावर ती मार्केट ऑर्डर होते की लिमिट, ते तुम्ही आधी ठरवलेलं असतं. लिमिट ५६.८० ठेवली आणि शेअर सकाळी थेट ५४ ला उघडला, तर ती जागी होऊन नुसती उभी राहील, विकणार नाही. मार्केट ठेवली तर विकेल, पण कितीला ते सांगता येत नाही. या दुसऱ्या प्रकारातून निघणाऱ्या विचित्र भावांच्या सौद्यांना आळा घालायला मुंबई शेअर बाजाराने ऑक्टोबर २०२३ पासून तो प्रकारच बंद केला.

इथपर्यंतच्या सगळ्या उदाहरणांत तुमच्याकडे एक हक्क शाबूत होता: काही न करण्याचा. भाव पटला नाही तर ऑर्डर रद्द करा, उद्या या, पुढच्या वर्षी या. पुढच्या दोन्ही व्यवहारांत हाच हक्क सोडावा लागतो.

४. नसलेला शेअर विकणं

पावसाळ्यात भाताला भाव असताना शेजाऱ्याकडून दोन क्विंटल कर्जत-३ उसना घ्यायचा, २,८०० रुपये क्विंटलने विकायचा, सुगी झाल्यावर २,२०० ने तेवढाच भात विकत घेऊन शेजाऱ्याची पोती परत करायची. मधले बाराशे आपले. शॉर्ट सेलिंग म्हणजे एवढंच. आणि पाऊस उलटून भात ३,६०० झाला तरी शेजाऱ्याला पोतीच द्यायची आहेत, पैसे नव्हेत, हेही त्यातच आलं.

शेअर घेणाऱ्याचा तोटा जास्तीत जास्त घातलेल्या पैशांएवढा. साठचा शेअर शून्याखाली जात नाही. शॉर्ट विकणाऱ्याच्या तोट्याला असा तळ नसतो, कारण भावाला वरच्या बाजूला छत नाही. हे बहुतेकांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते हे की किरकोळ माणूस आपल्याकडे रोखीच्या बाजारात शॉर्ट करतो तेव्हा तो सहसा कोणाकडून शेअर उसने घेतच नाही. सकाळी विकतो आणि त्याच दिवशी बाजार बंद होण्याआधी परत घेतो. दिवसअखेर हिशेब शून्य झाला की डिलिव्हरीचा प्रश्नच येत नाही. रीतसर उसने शेअर घेण्याची सोय २००८ पासून आहे, पण ती ठरावीक शेअरपुरती आहे आणि लहान खातेदार तिकडे फारसे फिरकत नाहीत. मोठ्या कंपन्यांमध्ये एका दिवसापलीकडे मंदी करायची तर लोक फ्यूचर्स विकतात.

तर, दिवस संपायच्या आत परत घ्यायचं. आपल्या कल्पित कंपनीत हे कसं अंगाशी येतं ते पाहू. कालचा बंद भाव ६०. एक्स्चेंजने या शेअरला पाच टक्क्यांचं सर्किट लावलं आहे, म्हणजे आज तो ५७ च्या खाली आणि ६३ च्या वर जाऊ शकत नाही. सकाळी थोडी तेजी आली, आपल्या माणसाने ६०.५० ला हजार शेअर शॉर्ट मारले. रुपयाभर खाली आला की हजार रुपये सुटतील, एवढाच बेत. सेबीच्या नियमाने सप्टेंबर २०२१ पासून दिवसाच्या सौद्यालाही किमान वीस टक्के मार्जिन लागतं. समजा त्याचं तेवढंच, १२,१०० रुपये, अडकलं.

दुपारी दीडला कंपनीला मोठं काम मिळाल्याची बातमी आली. शेअर ६३ ला जाऊन चिकटला. आता तक्ता उघडला तर विकणाऱ्यांची बाजू पूर्ण रिकामी, आणि घेणाऱ्यांच्या बाजूला ६३ ला लाखो शेअरची मागणी. आपल्या माणसाने घाबरून मार्केट ऑर्डर टाकली. तीही त्याच रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. तीन-वीसच्या सुमाराला दलालाच्या यंत्रणेने सौदा आपोआप काटायचा प्रयत्न केला, पण विकणाराच नसेल तर यंत्रणा तरी कोणाकडून घेणार? साडेतीन वाजले.

ज्याने सकाळी त्याच्याकडून हजार शेअर घेतले त्याला दुसऱ्या दिवशी ते मिळायला हवेत. घेणाऱ्याला पलीकडच्याने हवेतले शेअर विकले याची कल्पनाही नसते. म्हणून एक्स्चेंज लिलाव लावतं. ज्यांच्याकडे शेअर आहेत ते चढ्या भावाने देऊ करतात, आणि लागणारे पैसे शॉर्टवाल्याच्या खात्यातून जातात. समजा दुसऱ्या दिवशीही सर्किट लागून शेअर ६६.१५ वर बंद झाला आणि लिलावात ६८ ला मिळाला. तोटा साडेसात रुपये गुणिले हजार, म्हणजे ७,५०० रुपये.

लिलावातही कोणी पुढे आलं नाही तर? मग पैशांत हिशेब मिटवतात. व्यवहाराच्या दिवसापासून लिलावापर्यंतचा सर्वात चढा भाव, किंवा लिलावाच्या दिवशीच्या बंद भावाच्या वीस टक्के वर, यांतला जो जास्त असेल तो धरतात. ६६.१५ च्या वीस टक्के वर म्हणजे ७९.३८. तोटा १८,८८० रुपये. हजार रुपयांच्या आशेने १२,१०० अडकवले होते, ते सगळे गेले आणि वर जवळजवळ सात हजार देणं झालं. शेअर प्रत्यक्षात कधी ७९ झालाच नव्हता.

दलाल स्ट्रीटवर हाच प्रसंग फार मोठ्या प्रमाणावर १९८२ मध्ये घडला. तेव्हा बदल्याची पद्धत होती. सौदा पंधरवड्याअखेर न मिटवता व्याजासारखा बदला देऊन पुढे ढकलता येई. तेजीवाला देई तो सीधा बदला. शेअरची चणचण असेल तर उलट मंदीवाल्यालाच द्यावा लागे, तो उंधा बदला. कोलकात्याच्या मंदीवाल्यांनी मार्चमध्ये रिलायन्सचे शेअर हातात नसताना भरमसाट विकले. धीरूभाई अंबानींच्या बाजूचे दलाल घेत राहिले आणि एप्रिलअखेर त्यांनी सौदा पुढे ढकलण्याऐवजी शेअरच मागितले. मंदीवाल्यांना मिळेल तिथून, मिळेल त्या भावाने घ्यावं लागलं. भाव भडकला आणि मुंबईचा बाजार तीन दिवस बंद ठेवावा लागला. मंदीवाल्यांचा रिलायन्सविषयीचा अंदाज बरोबर होता की चूक, या प्रश्नाला त्या आठवड्यात काही किंमत उरली नव्हती. तारीख उलटली होती आणि त्यांना घेणं भाग होतं.

ज्याला घेणं भागच आहे त्याची ऑर्डर मार्केट ऑर्डर असते, त्याने बटण कोणतंही दाबलेलं असो. भाव चढत असताना असे अनेक जण एकदम घ्यायला धावतात आणि भाव आणखी चढतो. शॉर्ट कव्हरिंगची तेजी म्हणतात ती हीच.

व्यवहार करण्याआधी दोन गोष्टी पाहता येतात. पहिली, शेअरला सर्किट किती टक्क्यांचं आहे. ते दोन, पाच, दहा किंवा वीस असू शकतं. ज्या कंपन्यांवर फ्यूचर्स चालतात त्यांना असं ठाम सर्किट नसतं, म्हणून तिथे अडकून पडायची भीती बरीच कमी. दुसरी, शेअर ट्रेड-टू-ट्रेड गटात आहे का. तसा असेल तर प्रत्येक विक्रीला डिलिव्हरी द्यावीच लागते. सकाळी विकून दुपारी परत घेतलं तरी तो हिशेब एकमेकांत वळता होत नाही, आणि थेट लिलावाची पाळी येते.

५. निम्मे पैसे दलालाचे

बदला जुलै २००१ मध्ये बंद झाला. उधारीवर शेअर घ्यायची हौस काही बंद झाली नाही. आज तिचं कायदेशीर रूप म्हणजे मार्जिन ट्रेडिंग, दलालांच्या ॲपवर एमटीएफ नावाने दिसतं ते. थोडे पैसे तुम्ही भरता, उरलेले दलाल घालतो, शेअर त्याच्याकडे तारण राहतात आणि रोज व्याज चढतं.

कोणताही शेअर असा घेता येत नाही. सेबीची अट आहे की मागच्या सहा महिन्यांत बाजार चालू असलेल्या दिवसांपैकी किमान ऐंशी टक्के दिवस त्या शेअरमध्ये व्यवहार झालेला असावा आणि लाखभराच्या ऑर्डरीला इम्पॅक्ट कॉस्ट एक टक्क्याच्या आत असावी. दुसऱ्या विभागात मोजली तीच ही कॉस्ट. सेबी ती का पाहते ते आता दिसेल.

५,००० शेअर ६० रुपयांनी घेतले. किंमत तीन लाख. दीड लाख तुमचे, दीड लाख दलालाचे. व्याज वर्षाला पंधरा टक्के धरलं तर रोज साधारण ६२ रुपये. दोन महिन्यांत ३,७०० रुपये, म्हणजे शेअरमागे ७४ पैसे. शेअर साठवर स्थिर राहिला तर तुम्ही स्थिर नसता. रोज थोडे खाली सरकत असता.

शेअर ७२ झाला तर साठ हजारांचा नफा, म्हणजे तुमच्या दीड लाखावर चाळीस टक्के. हे गणित ॲप आनंदाने दाखवतं. शेअर वीस टक्के पडला तर तुमचे चाळीस टक्के जातात, हेही सगळ्यांना कळतं. पण खरा आकडा या दोहोंत नाही. तो दलालाच्या अटीत असतो: तारण शेअरच्या चालू किमतीत तुमचा हिस्सा किमान किती राहिला पाहिजे. समजा ही अट चाळीस टक्के आहे. मग दलालाचे पैसे जास्तीत जास्त साठ टक्के चालतात. शेअरमागे कर्ज ३० रुपये आहे. तीसला ०.६ ने भागा, उत्तर ५०. भाव पन्नासच्या खाली गेला की पैसे भरायचा निरोप आलाच. व्यवहार करण्याआधी प्रत्येकाने हा एक आकडा काढून वहीत लिहावा आणि त्या शेअरचा मागच्या वर्षभराचा आलेख उघडून तो भाव कितीदा येऊन गेला ते पाहावं.

समजा भाव ४८ झाला. शेअरची किंमत २,४०,०००, कर्ज दीड लाख, तुमचे उरले ९०,०००. चाळीस टक्क्यांसाठी ९६,००० हवेत. सहा हजार भरायचे आहेत. भरले तर पुढच्या घसरणीपर्यंत सुटका. नाही भरले तर दलाल शेअर विकायला मोकळा आहे, आणि त्याला आपल्या कर्जाची चिंता असते, तुमच्या भावाची नाही. तो मिळेल त्या भावाला विकतो. तोच शेअर तारण ठेवलेल्या दुसऱ्या खातेदारांचीही विक्री त्याच सकाळी येते, घेणाऱ्यांची रांग पायरी-पायरीने रिकामी होते आणि ४८ चा भाव विकता विकता ४६ होतो. इम्पॅक्ट कॉस्टची अट आहे ती या सकाळसाठी. मात्र ती मागच्या सहा महिन्यांच्या शांत दिवसांवरून मोजलेली असते.

इमॅजिकाच्या शेअरचा प्रवास इथे उपयोगी पडतो. १८० रुपयांना दिलेला तो शेअर कर्जाच्या ओझ्यापायी घसरत २०२० मध्ये एक आकडी भावापर्यंत आला. २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने कंपनी ताब्यात घेतली आणि भाव पुन्हा दोन आकडी झाला. ज्याने पडत्या काळात स्वतःच्या पैशांनी घेतला आणि डोकं शांत ठेवलं, तो ही वळणं येईपर्यंत भागधारक राहू शकला. उधारीवर घेणारा घसरणीच्या पहिल्याच टप्प्यात बाहेर फेकला गेला असता. पुढे कंपनी सावरली काय, बुडाली काय, त्याचा हिशेब आधीच बंद झालेला असता. एवढा चंचल शेअर उधारीच्या यादीत टिकत नाही, हेही खरं. पण यादीतून काढला की त्यावरची उधारी लगेच फेडायला सांगतात, आणि ती वेळही आधीच घसरण चालू असतानाचीच असते.

शेवटचा प्रश्न खोपोलीत एका निवृत्त कामगाराने विचारला होता: "दलालाने शेअर विकले म्हणजे विषय संपला ना? जास्तीत जास्त माझे दीड लाख जातील." शेअरला खालचं सर्किट लागलं तर विषय संपत नाही. तेव्हा तक्त्यात घेणाऱ्यांची बाजू रिकामी असते, दलालाची विक्रीची ऑर्डर नुसती उभी राहते. सलग काही दिवस असं झालं आणि शेवटी २७ ला विक्री झाली, तर पाच हजार शेअरचे १,३५,००० येतील. कर्ज दीड लाखाचं आहे. उरलेले पंधरा हजार आणि तोवरचं व्याज खातेदाराच्या नावावर राहतं, आणि दलाल ते वसूल करू शकतो.